पगारपत्रकावर कापलेला पीएफ खात्यात पोहोचतोच असं नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण अंबड, सातपूर किंवा सिन्नरला कामाला जाणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा. घरातलं कुणी जात असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

मार्च २०२३ ची गोष्ट. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मी पीएफमधून आजारपणासाठी अ‍ॅडव्हान्स काढायला बसलो. अंबडच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात तेव्हा सातवं वर्ष चालू होतं. पगारपत्रकावर दर महिन्याला ‘पीएफ १,६८०’ ही ओळ असायची. ती बघून मी पत्रक घडी करून पाकिटात टाकायचो आणि माझं काम झालं असं समजायचो. त्या रात्री त्रिमूर्ती चौकातल्या सायबर कॅफेत पहिल्यांदा पासबुक नीट उघडलं. शेवटची जमा ओळ होती मार्च २०२२ च्या पगाराची. त्यानंतर काहीच नाही. अकरा महिने कापले गेले होते आणि खाली पान कोरं होतं.

हिशोब सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचा करता येईल. माझा बेसिक आणि डीए मिळून १४,०००. त्याचे १२ टक्के म्हणजे १,६८० माझ्या पगारातून जातात. कंपनीने स्वतःच्या खिशातून तेवढेच १,६८० घालायचे असतात. त्यातून १४,००० चे ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला ३,३६०. अकरा महिन्यांचे ३६,९६०. त्यातले १८,४८० तर सरळ माझ्या मजुरीतले, माझ्या हातात कधी आलेच नाहीत असे.

एप्रिलच्या पगाराचा पीएफ १५ मे पर्यंत भरायचा असतो. भरल्यावर पासबुकात ओळ यायला काही दिवस लागतात, हेही खरं आहे. म्हणून एखाद्या महिन्याचा उशीर दिसला की लगेच चोरी झाली असं समजू नका. व्याजाची ओळ उशिरा आली म्हणूनही घाबरू नका, व्याज पीएफ कार्यालय लावतं, मालक नाही. पण सलग दोन महिन्यांच्या पगाराच्या ओळी नसतील तर विचारायला लागायचं.

मी विचारलं. एचआरवाले साहेब आधी म्हणाले, सर्व्हर डाऊन आहे. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर त्यांनी कपाटातून चलनाची प्रिंट काढून टेबलावर ठेवली. ६१ माणसांचं चलन होतं, यादीत माझं नाव होतं, रक्कम होती, वर टीआरआरएन नंबर होता. ‘हे बघ, भरलंय.’ मीही बघून गप्प बसलो असतो. पण शेजारच्या सोसायटीत एका सीएकडे काम करणारा मुलगा राहतो. तो म्हणाला, काका, चलन तयार करणं वेगळं आणि पैसे भरणं वेगळं. दुकानदाराने बिल फाडलं म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे दिले असं होतं का? तो टीआरआरएन नंबर पीएफच्या साइटवर टाकला की पैसे आले की नाही ते दिसतं. आम्ही टाकला. पैसे आलेले नव्हते.

मग त्याने मला ते दाखवलं ज्यासाठी मी ही पोस्ट लिहितोय. पीएफच्या साइटवर `Establishment Search` असं पान आहे. त्याला लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव किंवा पीएफ कोड टाकायचा, कंपनी सापडली की `View Payment Details` दाबायचं. कंपनीने कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला भरले, किती भरले आणि किती माणसांचे भरले, सगळं समोर येतं. माणसांच्या आकड्यावर दाबलं की नावंही दिसतात. आमच्या कंपनीने प्रत्येक महिन्याला पैसे भरले होते, पण २२ जणांचे. ऑफिसचा स्टाफ आणि मशीन शॉपमधले काही जुने लोक. वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि पेंटिंगवाले आम्ही ३९ जण यादीत नव्हतो. ६१ जणांचं चलन आम्हाला दाखवायला होतं, आणि २२ जणांचं भरायला. सगळ्यांचा पगार माझ्याएवढा धरला तरी महिन्याला १ लाख ३१ हजार रुपये मालकाकडे राहत होते.

ही यादी बघितल्याशिवाय तक्रार करू नका, कारण तिच्यावरून नेमकं काय झालंय ते कळतं. एक, त्या महिन्यांचे पैसेच भरलेले नाहीत. दोन, पैसे भरलेत पण तुमचं नाव गाळलंय. तीन, तुमचं नाव यादीत आहे, तरी तुमच्या पासबुकात ओळ नाही. हे तिसरं असेल तर बहुतेक वेळा तुमचे दोन यूएएन झालेले असतात आणि पैसे दुसऱ्यात जात असतात. तिथे मालकाशी भांडून उपयोग नाही, खाती जोडून घ्यायची. आणि काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो, त्यांच्या कामगारांना हे पासबुक दिसतच नाही. त्यांनी ट्रस्टकडे हिशोब मागायचा.

आमच्यातलेच काही जण म्हणाले, मालक अडचणीत आहे, ऑर्डरी नाहीत, समजून घ्या. मला याचा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. त्याच अकरा महिन्यांत त्याने बँकेचे हप्ते भरले, लाइट बिल भरलं, पत्र्याच्या व्यापाऱ्याचे पैसे दिले. कारण ते सगळे दारात येऊन मागतात. आपण मागत नाही, आपल्याला कळतच नाही, म्हणून त्याला सगळ्यात सोपी उसनवारी आपली वाटते. आणि कायदा याला उसनवारीही मानत नाही. पगारातून कापलेला पीएफ मालकाकडे विश्वासाने ठेवलेला पैसा धरला जातो. तो न भरणं हा फौजदारी विश्वासघात होऊ शकतो, असं आधी भारतीय दंड संहितेत होतं आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही आहे.

तक्रार अशी केली. `epfigms.gov.in` वर यूएएन टाकून, ओटीपी घेऊन नोंदवली. सोबत अकरा महिन्यांची पगारपत्रकं, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, गेट पासचा फोटो आणि पासबुकाची प्रत जोडली. मजकुरात भावना लिहिल्या नाहीत. फक्त महिना, कापलेली रक्कम आणि पासबुकात जमा शून्य, असा तक्ता. नोंदणी क्रमांक आला. काही आठवड्यांनी उत्तर आलं की प्रकरण पडताळणीसाठी अंमलबजावणी अधिकाऱ्याकडे पाठवलं आहे, आणि तक्रार बंद. इथे बरेच जण हात टेकतात. आम्ही त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन क्षेत्रीय पीएफ आयुक्तांच्या नावे कागदी अर्ज केला. त्यावर १७ जणांच्या सह्या होत्या. ‘आमच्यासह यादीतून वगळलेल्या सर्व कामगारांच्या थकबाकीची कलम ७-ए खाली चौकशी करावी’ एवढी एकच मागणी होती. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. तो शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही, असं समजा.

सतरा सह्या घ्यायला मला तीन आठवडे लागले. पवननगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत घरोघरी गेलो. भीती खरी असते, नोकरी जाईल ही. एकट्याच्या नावाने तक्रार गेली की मालकाला नेमकं बोट दाखवता येतं. सतरा जणांना एकदम काढलं तर त्याचं वेल्डिंग थांबतं.

अधिकारी कारखान्यात येऊन हजेरी आणि पगाराची रजिस्टरं बघून गेले आणि मग हालचाल सुरू झाली. मालकाने दोन गोष्टी करून पाहिल्या. ‘मला पीएफ नको’ असं लिहिलेल्या कागदावर सह्या मागितल्या. असा कागद चालत नाही, एकदा सभासद झालेल्या माणसाला नोकरी चालू असताना असं बाहेर पडता येत नाही. दुसरं म्हणजे थकबाकी भरायची तर कंपनीचा वाटाही तुमच्या पगारातून कापतो म्हणाला. तेही बेकायदेशीर. कंपनीचा वाटा कामगाराकडून वसूल करता येत नाही. आम्ही दोन्ही गोष्टी लेखी कळवल्या आणि परत शिक्का घेतला.

पहिल्या पाच महिन्यांचे पैसे ऑगस्ट २०२३ मध्ये आले, उरलेले सहा महिने सुनावणी सुरू झाल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये. आईचं ऑपरेशन तोवर पतपेढीच्या कर्जावर झालं होतं. उशिराबद्दल मालकावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर दंड बसतो, पण दंड आपल्या खात्यात येत नाही, हेही माहीत असू द्या. थकबाकी आल्यावर पासबुकात पेन्शनचा रकाना आवर्जून बघा. माझे तिथे १,१६६ महिन्याप्रमाणे आलेत का ते मी एकेक ओळ लावून पाहिलं. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि ती याच रकान्यावरून मोजली जाते.

कंत्राटदाराकडे असाल तर त्याचा पीएफ कोड वेगळा असतो, तोच शोधा. आणि तो पळाला तर ज्या मोठ्या कंपनीच्या गेटमधून तुम्ही आत जाता तिचीही जबाबदारी असते. म्हणून अर्जात दोन्ही नावं घाला.

नवी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदलतात. अर्जात कलम लिहिलं नाही तरी चालेल, महिने आणि रकमा बरोबर हव्यात. पण त्या संहितेत चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा आहे. नोकरी सोडताना बघू, असं म्हणणाऱ्याचे जुने महिने त्यात जाऊ शकतात.

ज्यांना साइट जमत नाही त्यांनी नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल द्यावा. यूएएन चालू असेल आणि केवायसी झालेली असेल तर शेवटची जमा आणि शिल्लक मेसेजने येते. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर जिल्ह्यात भरतं, तिथे कागद घेऊन समोरासमोर बोलता येतं.

आमच्या सतरातल्या दोघांचे पैसे अजून पासबुकात दिसत नाहीत. एकाचे दोन यूएएन निघालेत. दुसरा २०२३ मध्येच गावी, सुरगाण्याला निघून गेला आणि त्याने पगारपत्रकं जपली नाहीत. त्याच्या मोबाइलमध्ये दोन महिन्यांच्या पत्रकांचे फोटो सापडलेत. येत्या २७ ला ते आणि बँक पासबुक घेऊन त्याला बोलावलंय.