लगोरीच्या तासाबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

«सर, लगोरीत नेम असलेली चार पोरं खेळतात, बाकीची कडेला उभी राहतात. याला पाठ म्हणायचं की मोकळा तास? चेंडू डोळ्याला लागला तर? शिक्षकांनी आधी शिकवण्याचं बघावं.»

शेवटचं वाक्य तुम्हाला टाळता आलं असतं. मी कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि आज तशाच शाळेत शिकवतो. कडेला उभं राहणारं पोर म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तसं पोर मीच होतो. मी लिहिलेल्या लगोरीच्या पाठात मैदानाची आकृती द्यायला हवी होती, एवढं मान्य.

आता उभं राहण्याचं. एका लगोरीभोवती सगळा वर्ग सोडला तर पोरं उभी राहणारच. माझ्या तिसरीत 28 मुलं आहेत. सातसातचे चार गट करून दोन डाव एकाच वेळी चालतात. साहित्य म्हणाल तर फुटक्या कौलांचे चपटे तुकडे, कडा घासलेले, आणि जुन्या मोज्यांचे दोन चेंडू. फेकीची रेघ तीन मीटरवर. सगळ्यांचेच नेम चुकायला लागले, तर रेघ दोन पावलं पुढं घेतो.

खरं काम दोन नियम करतात. एक तुकडा ठेवलेल्यानं लगेच दुसरा ठेवायचा नाही, आधी दुसऱ्या गड्यानं ठेवायचा. आणि चेंडू हातात असताना पळायचं नाही, पास द्यायचा. मग चपळ पोराला एकट्यानं डाव मारता येत नाही.

गेल्या आठवड्यातला एक डाव सांगतो. एका पोरानं जोरात मारून सातही तुकडे उधळले. चेंडू लांब गेला खरा, पण तुकडेही पांगले. गोळा होईस्तोवर चेंडू परत आला आणि तिघं बाद झाले. पुढच्या पाळीला गटात वाद झाला. शेवटी त्यानं बेतानं मारून वरचे तीनच पाडले. चेंडू जवळच थांबला, म्हणून दोघं मुद्दाम चेंडूवाल्याच्या समोर गेले. ते चेंडूकडं न बघता त्याच्या खांद्याकडं बघत होते आणि हात सुटला की बाजूला सरत होते. तेवढ्यात जिचा एकही नेम लागला नव्हता, त्या मुलीनं मागून जाऊन पहिला आणि शेवटचा तुकडा ठेवला. लगोरी लागली! समोरचा गट अख्खा चेंडूमागं धावला होता. पुढच्या डावात त्यांनी न सांगता एक गडी लगोरीजवळ ठेवला. हे शिकणं नव्हे तर काय, तुम्हीच सांगा.

डोळ्याचं म्हणाल तर चेंडू मोज्यांचा आहे आणि गुडघ्याच्या वर लागलेला मार धरत नाही. पाठात हे लिहिलंय, पण तिथवर तुम्ही वाचलेलं दिसत नाही. पावसात मात्र हा चेंडू भिजून जड होतो, म्हणून तेव्हा डाव व्हरांड्यात घेतो. तिथं पळापळ बंद, फक्त नेम आणि रचणं.