७२ डीपीआयने फाइल हलकी होत नाही

"वेबसाठी फोटो ७२ डीपीआयवर एक्सपोर्ट केला की फाइल हलकी होते, हे खरं ना?"

नाही. डीपीआय ही प्रिंट करताना इंचाला किती पिक्सेल धरायचे याची फाइलमधली नुसती नोंद; वजन ठरतं पिक्सेलवर आणि जेपीईजीच्या क्वालिटीवर. २४०० × ३००० पिक्सेलचा पोर्ट्रेट फोटो ७२ वर काढा की ३०० वर, फाइल तेवढीच भरते. ८ × १० इंची प्रिंटला तो ३०० च्या हिशेबाने बरोबर पुरतो. वेबसाठी तोच १०८० × १३५० करा, रंगांचं प्रोफाइल sRGB ठेवा आणि शार्पनिंग आकार कमी केल्यावरच द्या. मग १०० टक्क्यांवर पापण्या नीट बघा: केसांच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर शार्पनिंग जास्त झालंय. प्रिंटला थोडं जास्तच लागतं, कारण कागदावर शाई पसरते. प्रिंटचं प्रोफाइल मात्र लॅबला विचारूनच ठरवा.