प्रिय श्री श्री गणेश हार्डवेअर

"फक्त पहिल्या तीन ओळी लिहायच्यात," असं सर म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ज्या कामाची सुरुवात 'फक्त'ने होते, ते माझ्या हातून त्या दिवशी कधीच संपलेलं नाही. आमची कंपनी छोट्या दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. ते खपावं म्हणून दुकानदारांना मेल जाणार होती. मेलचं बाकी सगळं तयार होतं. किंमत होती, चित्रं होती, तळाशी भलंमोठं हिरवं बटण होतं. जीएसटीने गांजलेला माणूस त्या बटणापर्यंत उतरेल अशा तीन ओळी तेवढ्या वर हव्या होत्या.

सोमवारी मी लिहिलं, 'जीएसटीच्या कटकटीने त्रस्त आहात? आता चिंता सोडा!' सर म्हणाले, छान आहे, पण हे एसटी स्टँडावरच्या मूळव्याधीच्या पाटीसारखं वाटतं. मंगळवारी 'बदलत्या काळाबरोबर आपला व्यवसायही' इथपर्यंत गेले आणि मलाच झोप आली. बुधवारी लिहिलं, 'टॅक्सवाल्याच्या फेऱ्या विसरा!' हे सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते उभं राहून वाचलं. मला मात्र धाकधूक होती, कारण मी जन्मात एक रिटर्न भरलेलं नाही. शनिवारी मी वाई गाठली. तिथे माझ्या मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. गोंधळलेला व्यापारी बघायचा तर घरचाच बघावा.

मामा गल्ल्यावर होता. मी मोबाइल काढून सुरात वाचलं, "जीएसटीच्या कटकटीने त्रस्त आहात?"

"पाऊण इंची एल्बो दोन," मामा आत ओरडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कोण त्रस्त आहे?"

"तू. म्हणजे छोटे व्यापारी. रिटर्न भरताना तुमचा गोंधळ होतो ना?"

"माझा काय गोंधळ? मला विक्री पाठ, खरेदी पाठ. गोंधळ त्या पुण्याच्या पार्टीचा झालाय आणि पैसे माझे अडकलेत." मग त्याने ड्रॉवरमधून एक कागद काढला. "हे बघ. टू-बी."

टू-बी म्हणजे काय, हे मी आमच्याच सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात सात वेळा लिहिलं होतं. ते खरोखर काय असतं, ते त्या दिवशी कळलं. मामा माल घेतो तेव्हा बिलावर कर भरतो, आणि विकतो तेव्हा गिऱ्हाइकाकडून कर घेतो. घेतलेल्यातून भरलेला वजा करायचा आणि उरलेला सरकारला द्यायचा. इथवर चौथीचं गणित आहे. पण वजा करायला हातातलं बिल पुरत नाही. ज्याने माल विकला त्या पार्टीने ते बिल स्वतःच्या रिटर्नमध्ये, म्हणजे आर-वनमध्ये, मामाच्या जीएसटी नंबरवर चढवलेलं असावं लागतं. दरमहा भरणाऱ्या पार्ट्यांची त्यासाठीची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. १४ तारखेला पोर्टलवर मामाच्या नावाची यादी तयार होते, ती टू-बी. त्यात असेल ते वजा करायचं आणि २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरून मोकळं व्हायचं. पूर्वी यादीत नसलेल्या बिलांपोटी थोडं वरचं धरायची सवलत होती. ती कमी होत होत पाच टक्क्यांवर आली आणि १ जानेवारी २०२२ पासून तीही गेली.

"आता मागच्या महिन्याचं बघ," मामा म्हणाला आणि सिमेंटच्या कंपनीच्या डायरीत लिहायला लागला. विक्री तीन लाख, त्यावर १८ टक्क्यांनी कर ५४,०००. खरेदी दोन लाख साठ हजार, तिच्यावर भरलेला कर ४६,८००. म्हणजे खिशातून द्यायचे ७,२००. मामाने तेवढे बाजूला काढूनही ठेवले होते. पण १४ तारखेला टू-बी उघडली तर तिच्यात २१,६०० च होते. पुण्याच्या पार्टीचं एक लाख चाळीस हजारांचं बिल गायब, म्हणजे २५,२०० ची वजावट, म्हणजेच क्रेडिट, गायब. आता भरायचे होते ३२,४००.

"पार्टी काय म्हणते?"

"म्हणते चढवलंय. फोटो पण पाठवला. त्यात आहे बिल."

रात्री दुकान बंद करून आम्ही दोघं बिलं घेऊन बसलो. मामाची बिलं फायलीत नसतात. लाकडी ठोकळ्यावर उभी केलेली तार असते, तिच्यात ती खोचलेली असतात. पुण्याचं बिल तारेच्या मधोमध सापडलं. नाव बरोबर होतं, श्री गणेश हार्डवेअर. माल बरोबर, रक्कम बरोबर. खालचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर मी मोठ्याने वाचायला लागले, तर नेमकं त्यातूनच तारेचं भोक गेलेलं. सुरुवातीचे दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. त्यातलं चौथं अक्षर माणसाच्या पॅनमध्ये पी असतं आणि भागीदारीच्या पॅनमध्ये एफ. मामाची भागीदारी कुणाशीच नाही, मामीशीसुद्धा नाही. बिलावर मात्र एफ होता.

"मामा, हा तुझा नंबर नाही."

त्याने चष्मा कपाळावर घेतला, बिल नाकाला लावलं आणि पत्त्याची बारीक ओळ वाचली. "वडूज! अगं, हा वडूजचा श्री गणेश हार्डवेअर!"

मग सगळं उलगडलं. पुण्यात बिल बनवणाऱ्या पोराने कॉम्प्युटरवर 'श्री ग' एवढं टाइप केलं असणार. खाली यादी उघडली, त्याने पहिला श्री गणेश उचलला. माल टेम्पोवाल्याच्या ओळखीवर वाईला बरोबर आला, क्रेडिट वडूजला गेलं. नंबर हाताने चुकीचा टाइप झाला असता तर तो बहुधा तिथल्या तिथे अडकला असता, कारण शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून ठरतं आणि एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर ते जुळत नाही. पण इथे नंबर शंभर टक्के खरा होता. फक्त दुसऱ्याचा होता. पार्टीने पाठवलेला फोटोही खरा होता. त्यात बिल होतं, पण ते कुणाच्या खाली आहे हे मामाने बघितलंच नव्हतं.

"दहा दिवस थांबू का?" मामाने विचारलं. "तोवर ते दुरुस्त करतील." त्याने हिशेब केला. उशिराचे दिवसाला ५० प्रमाणे ५००, वर १८ टक्के दराने दहा दिवसांचं व्याज सुमारे १६०. साडेसहाशेत सुटतो म्हणून तो खूशही झाला. मग मीच सरांच्या एका सहकाऱ्याला फोन लावला. त्याने सांगितलं, थांबून उपयोग नाही. पार्टी दुरुस्ती तिच्या पुढच्या आर-वनमध्ये करणार, म्हणून ते बिल मामाच्या पुढच्या टू-बीत येणार. या महिन्यात दंडही भरावा लागेल आणि क्रेडिटही मिळणार नाही. मामाने तेवढ्या रात्री पुण्याला फोन करून दुरुस्ती कबूल करून घेतली, वडूजवाल्याला फोन करून "ते तुमचं नाही हं, घेऊ नका" असं लहान मुलाच्या हातातून लाडू काढून घ्यावा तसं समजावलं, आणि उरलेल्या पंचवीस हजारांसाठी मामीच्या भिशीकडे बघितलं. मामीने बघू दिलं नाही. शेवटी पैसे कुठून आले ते मी विचारलं नाही.

रविवारी रात्री एसटीतच मी तीन ओळी लिहिल्या:

'१४ तारखेला तुमची टू-बी आली. तारेत खोचलेल्या बिलांपैकी त्यात कुठलं नाही, हे तुम्हाला २० तारखेला कळतं. आम्ही १५ तारखेला सांगतो, पार्टीच्या नावासकट.'

सरांनी वाचलं. "यात आनंद कुठे आहे?" म्हणाले. "आणि सांगतो म्हणजे? सोडवतो म्हण की."

"सोडवत नाही, सर. आपलं सॉफ्टवेअर खरेदीची नोंद आणि टू-बी समोरासमोर लावतं, न जुळलेलं लाल करतं. पार्टीने बिल चढवायचं की नाही ते पार्टीच्या हातात. तिला फोन मामाच करणार."

"मग लोक पैसे कशाचे देतील?"

"पाच दिवसांचे."

सर बराच वेळ हिरव्या बटणाकडे बघत बसले. शेवटी ओळी ठेवल्या. मेल मात्र पाठवली २० तारखेला दुपारी, कारण त्यांच्या मते त्या दिवशी 'दुखणं ताजं असतं'. २० तारखेच्या दुपारी व्यापाऱ्याला मेल पाठवणं म्हणजे मांडवात अक्षता पडत असताना नवरदेवाला विम्याची माहिती देणं. शिवाय मेलमध्ये प्रत्येकाचं नाव आपोआप पडत होतं. कुणीतरी साच्यात 'प्रिय श्री' असं लिहून ठेवलं होतं, आणि आमच्या यादीतली निम्मी दुकानं मुळातच 'श्री'ने सुरू होतात.

आठवडाभर कुणीच बटण दाबलं नाही. मी मामाला फोन केला. "मेल बघितलीस का?"

"कुठली मेल?"

"तुझ्या बिलावर छापलेल्या पत्त्यावर पाठवलीय."

"अगं, तो पत्ता आपल्या टॅक्सवाल्याने काढून दिलाय. पासवर्ड त्याच्याकडेच. मी आजवर उघडला नाही."

महिना उलटला. १४ तारखेला मामाचा फोन आला, "आले पंचवीस हजार दोनशे!" आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. सरांनी तो माझ्याकडे दिला.

"त्या टू-बीच्या मेलच्या ओळी तुम्ही लिहिल्यात का? मी वाईहून बोलतोय. मी रिटर्न भरायचं काम करतो."

माझ्या डोळ्यांसमोर बुधवारचं 'टॅक्सवाल्याच्या फेऱ्या विसरा' आलं. ते गेलं नाही याबद्दल मी मनोमन देवाचे आभार मानले.

"तुमची मेल मला सत्तावन्न वेळा आली," ते म्हणाले. "माझ्या सत्तावन्न दुकानदारांच्या मेल याच मोबाइलवर उघडतात. २० तारखेला थ्री-बी भरतोय आणि टुण्‌, टुण्‌, टुण्‌. मनात आलं, पाठवणाऱ्याला शोधून काढावं."

"माफ करा."

"माफी राहू द्या. हे जुळवायचं काम माझा पोरगा हाताने करतो, त्याला चार दिवस लागतात. सत्तावन्न दुकानांचा एकत्र काय भाव देता ते सांगा." ते जरा थांबले. "आणि पुढच्या वेळी १५ तारखेला पाठवा. आणि ते 'श्री श्री' एकदाच करा हो, माझा पोरगा मला आता तशीच हाक मारतो."