साखरलेला मध, तापवलेला मध आणि तान्हे बाळ

थंडी पडली की घरोघरी बरणीतला मध साखरतो आणि मधात साखरेचा पाक मिसळला होता, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. हा निष्कर्ष मला मान्य नाही. मधात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के असते आणि त्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करा इतक्या दाटीने विरघळलेल्या असतात की त्यांतील कमी विद्राव्य ग्लुकोज संधी मिळताच स्फटिकरूपाने बाहेर पडते. परागकण किंवा मेणाचे सूक्ष्म कण त्याला आधार देतात आणि १४ अंश सेल्सिअसच्या आसपास हा वेग सर्वाधिक असतो. मोहरीच्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त असल्यामुळे तो काही आठवड्यांतच रवाळ होतो, तर फ्रुक्टोज जास्त असलेला मध महिनोन्‌महिने पातळ राहतो. त्यामुळे साखरणे हा ना भेसळीचा पुरावा आहे, ना शुद्धतेचा.

असा मध पातळ करायचा असेल तर बरणी साधारण ४० अंशांच्या, म्हणजे हाताला सहज सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवावी आणि पाणी निवले की बदलावे. थेट आचेवर ठेवल्यास सुगंध उडतो, रंग गडद होतो, मधातील विकरे निष्क्रिय होतात आणि शर्करा तापल्यावर तयार होणारे एचएमएफ नावाचे संयुग वाढते. या अर्थाने मध तापवल्याने त्याची प्रत नक्कीच उतरते. परंतु तापवलेला मध विषारी होतो असे जे सर्रास म्हटले जाते, ते मात्र रसायनशास्त्र सांगत नाही. आयुर्वेदात उष्ण मध वर्ज्य मानला आहे आणि ती परंपरा ज्यांना पाळायची त्यांनी अवश्य पाळावी. पण एचएमएफलाच विषारीपणाचा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की भाजलेल्या कॉफीत ते मधापेक्षा कितीतरी अधिक असते आणि उन्हाळ्यात नुसत्या फडताळात ठेवलेल्या मधातही ते हळूहळू वाढतच असते. उष्ण प्रदेशांतील मधासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने किलोमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा ठेवली आहे, तीही ताजेपणा जोखण्यासाठी.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गरम दुधात मध घालायला घाबरणाऱ्या घरांतच नवजात बाळाला सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली जाते, बाळगुटीही मधात उगाळली जाते. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातील स्थिरावलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात आणि त्या विषाने स्नायू लुळे पडतात. १९७६ साली कॅलिफोर्नियात या आजाराची ओळख पटली. तो क्वचितच होतो, पण श्वासाचे स्नायू निकामी झाल्यास बाळाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. इथे मध उकळूनही उपयोग नाही, कारण हे बीजाणू उकळत्या तापमानाला दाद देत नाहीत. त्यांना मारण्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश उष्णता लागते. घरच्या पोळ्याचा, जंगलातला किंवा बाजारातला, कोणताही मध याला अपवाद नाही आणि बोटभर चाटणही नको.

सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते. मग रडणे क्षीण होते, दूध ओढण्याचा जोर कमी होतो, पापण्या जड होतात, मान लुळी पडते. अशा वेळी बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि मध चाटवला असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते आधी सांगावे.