पॅनवर एक नाव, बँकेत दुसरं : आधी पॅन दुरुस्तीला टाकू नका

समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या, मोबदल्याच्या पैशाची एफडी झाली, एफडीच्या व्याजावर टीडीएस कापला गेला. आपल्याकडच्या कितीतरी कास्तकारांचा आयकर खात्याशी पहिला संबंध असा आला. उत्पन्न करपात्र नाही, म्हणून विवरणपत्र भरलं की कापलेले पैसे परत मिळायला हवेत. विवरणपत्र मंजूरही होतं, पण रिफंड अडतो. कारण काय, तर आयकराच्या पोर्टलवर बँक खातं पडताळलं जात नाही, नाव जुळत नाही म्हणून.

मग माणूस ऑनलाइनच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "काका, पॅन दुरुस्त करा लागते." पैसे भरतात, महिनाभर थांबतात, नवं कार्ड येतं आणि खातं पुन्हा नापास. कारण चूक पॅनमध्ये नव्हतीच. माझं ठाम मत आहे की खेड्यातल्या बहुतेक प्रकरणांत चूक बँकेच्या नोंदीत असते. ती दुरुस्त करायला अर्ज लागतो, नवं कार्ड लागत नाही. म्हणून पहिले बँक, मग पॅन.

एक उदाहरण घेऊ. समजा कारंजा तालुक्यातले देविदास वानखडे, वय ५७. एफडीचं वर्षाचं व्याज ९४,००० रुपये. साठीच्या आतल्या माणसाला एका बँकेतलं व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस लागतो, म्हणून ९,४०० कापले. बाकी उत्पन्न वावराचं, त्यावर आयकर नाही. म्हणजे पूर्ण ९,४०० परत यायला हवेत.

आता एक कोरा कागद घ्या आणि तीन ठिकाणची नावं एकाखाली एक लिहा. मराठीत लिहू नका, इंग्रजीत जशी आहेत तशी अक्षर न अक्षर उतरवा. मराठीत तिन्हीकडे "वानखडे" असंच वाचलं जातं आणि फरक डोळ्याला दिसतच नाही. देविदासभाऊंचा कागद असा होतो:

```
PAN     : DEVIDAS PUNDLIKRAO WANKHADE
Aadhaar : Devidas Pundlikrao Wankhade
Bank    : WANKHEDE DEVIDAS P
```

पॅन आणि आधार एकमेकांशी जुळतात. बँक एकटी वेगळी पडली आहे, आणि तिच्यात तीन फरक आहेत: आडनाव आधी आलं, A च्या जागी E पडला आणि वडिलांचं नाव नुसत्या P वर आटोपलं. लहानमोठ्या अक्षरांचा फरक सोडून द्या, त्यानं काही अडत नाही. इथं दुरुस्ती बँकेतच व्हायला हवी, हे कागदावरच ठरलं.

हे लिहिताना पॅनकार्डावर छापलेल्या नावावर पूर्ण विसंबू नका. पॅनच्या अर्जात "कार्डावर कसं नाव छापायचं" असा वेगळा रकाना असतो, त्यामुळे कार्डावर आद्याक्षरं आणि आयकर खात्याच्या नोंदीत पूर्ण नाव असं होऊ शकतं. नोंदीतलं खरं नाव पोर्टलवर लॉगिन करून My Profile मध्ये दिसतं. लॉगिन नसेल तर incometax.gov.in च्या पहिल्या पानावर Verify PAN Status आहे. तिथं पॅन, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल टाकला की ओटीपी येतो आणि तुम्ही टाकलेलं नाव नोंदीशी जुळतं की नाही ते कळतं. पॅन चालू आहे की आधार न जोडल्यामुळे निष्क्रिय झालंय, तेही तिथंच समजतं. निष्क्रिय असेल तर नावाचा घोळ बाजूला ठेवा, पहिले आधार जोडा. तोवर रिफंड येणारच नाही.

बँकेत नाव बिघडतं कसं, हे समजून घेतलं तर काउंटरवर बोलणं सोपं जातं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत आडनाव आधी लिहायची सवय. पॅनच्या नोंदीत मात्र नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन वेगळे रकाने. २०१४ पासून जनधनची खाती शिबिरांत भराभर उघडली गेली, समोर जो कागद आला त्यावरून नाव टाइप झालं. त्याच्या आधीची खाती तर हाताच्या लेजरमधून संगणकात गेली. "राव", "जी", "बाई" कुठं लागले, कुठं गळाले. ठाकरेंचे Thakre आणि Thakare, गावंडेंचे Gawande आणि Gavande असे दोन-दोन प्रकार झाले. यात खातेदाराचा काडीचा दोष नाही. त्यामुळे शाखेत ओशाळून उभं राहायचं कारण नाही.

अर्ज मूळ शाखेत द्या. गावातल्या बँकमित्राकडं हे काम होत नाही, त्याच्या मशीनवर पैसे काढणं-टाकणं होतं, नाव बदलत नाही. सोबत पॅन आणि आधारची सही केलेली झेरॉक्स, पासबुक, एक फोटो, आणि शाखेत मिळणारा केवायसीचा फॉर्म. अर्जात मजकूर एवढा पुरे:

"माझ्या बचत खात्यात नाव WANKHEDE DEVIDAS P असे आहे. ते पॅन व आधारप्रमाणे DEVIDAS PUNDLIKRAO WANKHADE असे करावे. दुरुस्ती ग्राहक क्रमांक (सीआयएफ) व खाते या दोन्ही ठिकाणी करावी. त्यानंतर माझा पॅन याच ग्राहक क्रमांकाला जोडून पुन्हा पडताळावा."

यातली शेवटची दोन वाक्यं गाळू नका, सगळी मेख तिथं आहे. बँकेच्या संगणकात माणसाची नोंद वेगळी आणि खात्याची वेगळी. माणसाच्या नोंदीला सीआयएफ क्रमांक असतो, त्याला पॅन जोडलेला असतो. क्लार्कनं नुसतं खात्याचं नाव बदललं तर पासबुकावर नवं नाव छापून येतं, आपल्याला वाटतं काम झालं, आणि सीआयएफमध्ये जुनंच बसून राहतं. पोर्टलवर पुन्हा नापास.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: एकाच माणसाचे दोन सीआयएफ. पीककर्जाचं खातं जुनं, जनधनचं नंतरचं, तेव्हा कुणी जुना क्रमांक शोधला नाही आणि नवाच तयार झाला. पॅन एका सीआयएफला जोडलेला, रिफंडसाठी खातं दिलं दुसऱ्या सीआयएफचं. ओळखायचं कसं? तुमची सगळी पासबुकं एकत्र घ्या आणि पहिल्या पानावरचा ग्राहक क्रमांक ताडून पाहा. एकाच बँकेत दोन वेगळे क्रमांक निघाले तर ते एक करून द्या असा अर्ज करा. याला नाव बदलण्यापेक्षा जास्त दिवस लागू शकतात, पण पुढं एफडीवर दुप्पट त्रास वाचतो. कारण ज्या सीआयएफला पॅन नाही, त्यावरच्या व्याजावर टीडीएस १० ऐवजी २० टक्के कापला जातो.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. "ठेवून जा, होऊन जाईल" म्हटलं तरी शिक्का मागाच. काम झाल्याचं सांगितलं की खात्याचा उतारा छापून घ्या आणि त्यावरचं नाव पुन्हा त्या कागदाशी अक्षर न अक्षर ताडा. शाखेत दुरुस्ती करतानाच नवी चूक पडते, हे अगदी नेहमीचं आहे.

मग दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि पोर्टलवर My Profile मधून My Bank Account उघडा. नापास झालेलं खातं तिथं वेगळ्या यादीत दिसतं, बाजूला कारण लिहिलेलं असतं. ते कारण वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. नाव जुळत नाही असं असेल तर वरचा सगळा उपाय. पॅन जोडलेला नाही असं असेल तर नाव बरोबर असू शकतं, फक्त सीआयएफला पॅन टाकायचा राहिलाय. खातंच सापडत नाही असं आलं तर खाते क्रमांक किंवा आयएफएससी पाहा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, तेव्हा त्या खातेदारांनी जुन्या पासबुकावरून आयएफएससी उतरवू नये, शाखेतून ताजा लिहून घ्यावा.

सगळं ठीक असेल तर Re-validate दाबा. विनंती बँकेकडे जाते आणि उत्तर यायला १० ते १२ कामाचे दिवस लागू शकतात. रोज दाबून फायदा नाही. खातं Validated दिसलं की त्याच्यापुढं रिफंडसाठी निवडायचं बटण आहे, ते चालू करा.

आता पॅनच चुकलेलं असेल तर? आधार आणि बँक जुळतात आणि पॅन एकटं वेगळं, असं कागदावर दिसलं तरच पॅन दुरुस्ती. कार्डावर आडनाव सगळ्यात आधी छापलेलं दिसलं, तर समजा की अर्ज भरणाऱ्यानं आडनाव पहिल्या नावाच्या रकान्यात घातलंय. अर्ज पॅनचं काम पाहणाऱ्या Protean किंवा UTIITSL च्या साइटवर होतो. "दुरुस्ती" हाच प्रकार निवडा आणि जुना पॅन क्रमांक द्या. नवा पॅन काढून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो. आधारच्या ई-केवायसीनं अर्ज केला तर आधारवरचं नाव जसंच्या तसं घ्यावं लागतं, म्हणून आधार आधी नीट वाचा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी एका "राव"साठी खर्च करू नका.

लग्न झालेल्या बायांचं प्रकरण वेगळं. पॅन माहेरच्या नावानं, बँक सासरच्या नावानं. हा स्पेलिंगचा फरक नाही, नावच वेगळं आहे, म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्रासारखा नावबदलाचा पुरावा लागतो. कोणतं नाव ठेवायचं हे त्या बाईनं ठरवावं. माहेरचं ठेवायचं असेल तर बँकेतलं नाव बदलावं, सासरचं हवं असेल तर आधी आधार, मग पॅन, मग बँक. वडिलांच्या नावाचा रकाना मात्र पॅनमध्ये लग्नानंतरही वडिलांचाच राहतो, तिथं नवऱ्याचं नाव घालू नका.

आणि "ही दोन्ही नावं माझीच" असं प्रतिज्ञापत्र पोर्टलपुढं चालत नाही. तिथं माणूस बसलेला नाही, दोन नोंदींची ताडणी होते. बँकेनं आडनावाच्या मोठ्या फरकासाठी मागितलं तरच करा.

घाई असेल तर एक सरळ वाट आहे. रिफंड एफडीच्याच बँकेत यायला पाहिजे असं नाही. तुमच्या नावाचं, पॅनप्रमाणे बरोबर असलेलं दुसरं कोणतंही बचत खातं पडताळून घ्या आणि ते निवडा. पोराचं खातं चालत नाही, पॅन तुमचा आणि खातं तुमचंच लागतं.

खातं पास झालं म्हणून अडलेला रिफंड आपोआप येईल असं समजू नका. Services मध्ये Refund Reissue आहे, तिथं नवी विनंती टाकून ते विवरणपत्र आणि पडताळलेलं खातं निवडायचं, मग आधार ओटीपीनं पक्कं करायचं. हा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये दुकानदाराचा नंबर टाकलेला असेल तर तोही आजच बदलून घ्या, नाहीतर आयकर खात्याचे पुढचे सगळे निरोप त्याच्याच मोबाइलवर जातील.