उडीच्या आधी घोटा: एका प्रतिक्रियेला उत्तर

कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्या खेळाडूंच्या व्यायामावरच्या माझ्या लेखात उड्यांच्या आधी चार आठवडे घोट्याचे व्यायाम सांगितले होते आणि हँडग्रिपर ठेवला नव्हता. त्यावर एका वडिलांची ही प्रतिक्रिया आली:

"चार आठवडे नुसतं एका पायावर उभं राहायचं आणि टाचा उचलायच्या? आम्ही मातीत पाचशे बैठका मारायचो, घोटा कधी मुरगळला नाही. माझा मुलगा उजवा कोपरा खेळतो. डावा पाय दोनदा मुरगळलाय, पण त्याला खरी गरज उडीची आणि ताकदीची आहे. आणि हँडग्रिपर का नाही? पकड काय आपोआप येणार?"

नमस्कार दादा,

मातीत घोटे कमी मुरगळायचे हा तुमचा अनुभव मला पटतो. वळताना जोर जास्त झाला की पावलाखालची माती थोडी सरकते आणि घोटा वाचतो. मॅटवर बूट चिकटून राहतो, पाऊल जागेवरच असतं आणि वरचं अंग फिरतं, त्यामुळे सगळा पीळ घोट्यावर येतो. शिवाय तुमची बैठक चवड्यांवर होती. खाली जाताना टाचा उचललेल्या असायच्या, म्हणजे पोटऱ्या रोज कामाला लागत होत्या. आताच्या स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला टेकलेली असते, म्हणून पोटरीचं काम वेगळं करून घ्यावं लागतं. पाचशे बैठकांनी दम येतो, पण झेप येत नाही. झेपेला थोड्या उड्या, पूर्ण जोर आणि मध्ये भरपूर विश्रांती लागते.

दोनदा मुरगळलेल्या घोट्याची गोष्ट मात्र वेगळी. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध सैल राहू शकतात आणि पाऊल कलतंय हे स्नायूंना उशिरा कळतं. माझ्याकडे असाच एक कोपरारक्षक होता, ६८ किलोचा, डावा घोटा एका हंगामात दोनदा गेलेला. त्याला भिंतीसमोर उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल जमेल तितकं मागे न्यायचं. उजव्या पायाचा अंगठा भिंतीपासून ११ सेंटीमीटरवर गेला, डाव्याचा ७ वरच अडला. एका पायावर टाचा उचलताना उजव्यावर २४ झाल्या, डाव्यावर १३. त्याला खेळताना काहीच दुखत नव्हतं, म्हणून तो स्वतःला बरा समजत होता.

त्याला रोज तोच गुडघा भिंतीकडे नेण्याचा व्यायाम दिला, १५ वेळा, दोनदा. एक दिवसाआड पायरीच्या कडेवर एका पायाने टाच उचलायची आणि तीन सेकंद घेत खाली सोडायची, ८ वेळा, तीनदा. यातला निम्मा भाग गुडघा वाकवून, कारण कोपरा नेहमी वाकलेल्या गुडघ्यावरच उभा असतो. एका पायावरचं उभं राहणं पहिल्या आठवड्यातच सोपं होतं. मग कोपऱ्याच्या पवित्र्यात उभं राहून जोडीदाराने टॉवेल कधी इकडे कधी तिकडे ओढायचा. चढाईपटू ओढतो तेव्हा घोट्याला हेच सोसावं लागतं. सहा आठवड्यांत भिंतीचा फरक दीड सेंटीमीटरवर आला आणि डाव्यावर २० टाचा झाल्या.

एका बाबतीत तुमची टीका बरोबर आहे. ज्याचे दोन्ही घोटे सारखे आहेत त्याला उड्यांसाठी चार आठवडे थांबवायचं कारण नाही, आणि वजनाचा स्क्वॉट सगळ्यांना पहिल्या आठवड्यापासून हवा. मी हे स्पष्ट लिहायला हवं होतं. मूळ लेखात बदल करतो आहे.

उड्या सुरू करताना आधी उतरणं शिकवायचं. गुडघ्याहून कमी उंचीवरून खाली उतरून दोन सेकंद स्थिर थांबायचं. गुडघा आत झुकला किंवा तोल सावरायला दुसरं पाऊल पडलं, तर ती उडी धरायची नाही. हे जमलं की पुढे झेप, मग एका पायावर बाजूला झेप, कारण कोपऱ्याची धाव बाजूला आणि पुढे असते. ४ उड्या, चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. झेप छोटी व्हायला लागली की त्या दिवशी थांबायचं.

आता पकड. ग्रिपरमध्ये हात पूर्ण मिटतो. चढाईपटूचा घोटा जाड, घामट आणि फिरणारा; बोटं त्याच्याभोवती अर्धी उघडीच राहतात आणि तशीच टिकवावी लागतात. म्हणून आडव्या दांड्यावर जाड टॉवेल टाकून त्याला लोंबकळणं, १० ते १५ सेकंद, चार वेळा. मग मॅटवर जोडीदाराचा घोटा दोन्ही हातांनी धरून पाच सेकंद सोडवू न देणं. मनगट सरळ हवं. ते आत वळलं की बोटांचा जोर लगेच कमी होतो. हात स्वतः वळवून मूठ आवळून बघा, लक्षात येईल. हाताच्या कोपराला आतल्या बाजूने दुखू लागलं तर लटकणं आठवडाभर बंद.

तुमच्या मुलाची भिंतीची चाचणी आज संध्याकाळीच घ्या. डाव्या पायाचं अंतर उजव्यापेक्षा दोन सेंटीमीटरहून जास्त कमी भरलं तर उड्या थांबवा, बाकीचं चालू ठेवा. पुन्हा मुरगळला आणि चार पावलंही टाकता आली नाहीत किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखलं, तर आधी एक्स-रे काढून घ्या. आकडे आले की इथे लिहा, त्यावरून पुढचे आठवडे आखून देतो.