कप म्हंजे किती, हे एकदाचं सांगा की!

डोकं फिरलंय माझं. राइस कुकरच्या त्या टीचभर प्लास्टिकच्या कपानं रविवारी सात माणसांसमोर माझी लाज काढली. आज बुधवार, तरी राग उतरला नाही म्हणून लिहितेय.

नणंद आणि नंदई जेवायला आले होते. नंदई देगलूरकडचे. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे त्यांच्याकडं भाताचं कौतुक फार. आमच्या नांदेडच्या घरात ताटात आधी ज्वारीची भाकरी, भात आपला शेवटी वरणासोबत मूठभर. पण पाहुण्यांसाठी म्हणून दिरानं दिवाळीत आणून दिलेला राइस कुकर काढला. झाकण उघडलं, आतलं भांडं पुसलं, आणि कप गायब. फडताळात नाही, डब्यात नाही, मिक्सरच्या खोक्यातही नाही. घरात कोणाला विचारावं तर जो तो छताकडं बघतोय.

म्हटलं, एवढं काय अडलंय? पोरीनं केक करायला स्टीलच्या मापांचा संच आणलाय, त्यातल्या मोठ्या मापावर चक्क ‘एक कप’ कोरलेलं आहे. त्यानं तीन कप तांदूळ घेतला, धुतला, भांड्यात टाकला, ‘व्हाइट राइस’च्या ३ च्या रेघेपर्यंत पाणी ओतलं, बटन दाबलं. तीन कप तांदूळ, तिसरी रेघ. यात चुकायला जागा आहे का, तुम्हीच सांगा.

नेहमीपेक्षा लवकर टक वाजलं. वाढला. नंदयांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, ‘वहिनी, भात जरा दाताखाली बोलतोय.’ बोलतोय! अहो, ओरडत होता. वरनं मऊ दिसणारं शीत मध्ये दाबलं तर पांढरी कणी. परत कुकरमध्ये ओतला, गरम पाणी शिंपडलं, बटन दाबलं, तर बटन खाली टिकेना. दाबलं की वर उडतंय, दाबलं की वर उडतंय. तळ गार झाल्याशिवाय ते धरतच नाही, हे त्या दिवशी कळलं. तोवर माणसं ताटावर हात वाळवत बसलेली.

रात्री चिडून कुकरसोबतचं पुस्तक काढलं. मुंगीच्या अक्षरात एका कोपऱ्यात लिहिलंय, की सोबतचा कप १८० मिलीचा. आणि पोरीच्या स्टीलच्या मापाच्या बुडाशी कोरलंय २४० मिली. दोघांचं नाव कप! इंटरनेटवरच्या रेसिपीतला कप बहुतेक वेळा २४० चा, काही देशांतला २५० चा, आणि आमच्या चहाच्या कपाचं तर बोलूच नका, त्यात दोन घोट मावले तरी नशीब. हा १८० चा आकडा आला कुठून, तर जपानातून. तिकडं तांदूळ मोजायचं ‘गो’ नावाचं जुनं माप आहे, साधारण १८० मिलीचं. एका मापात दीडशे ग्रॅमच्या आसपास तांदूळ बसतो. राइस कुकरही तिकडचाच, म्हणून सोबत मापही तिकडचंच आलं. येऊ द्या, माझं काही म्हणणं नाही. पण मग त्याला ‘गो’च म्हणा ना! कप कामून म्हणता?

आता माझ्या भाताचा हिशोब बघा. २४० चे तीन कप म्हंजे ७२० मिली तांदूळ. १८० नं भागा. बरोबर चार. म्हंजे मी कुकरच्या हिशोबानं चार कप तांदूळ टाकला आणि पाणी तीनच्या रेघेला थांबवलं. एक रेघ कमी पडली एवढंच असतं तरी चाललं असतं. पण रेघ काही नुसत्या पाण्याची नसते, तांदूळ अधिक पाणी मिळून ती उंची असते. तांदूळ जास्त टाकला की तो जागा खातो, आणि त्याच रेघेपर्यंत जायला पाणी आणखी कमी लागतं. दोन्हीकडनं मार. एरवी त्या रेघेवर कपामागं सव्वा कप पाणी पडतं, माझ्या भाताला पाऊण कपाच्या आसपास मिळालं. कणी राहणार नाही तर काय होणार?

आणि तो कुकर! आपल्याला वाटतं मशीन आहे, त्याला कळत असेल. डोंबल कळतंय. साध्या, एका बटनाच्या कुकरला भात शिजला का नाही याचा पत्ताच नसतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशाच्या आसपास राहतो. पाणी आटलं की तळ त्याच्यावर तापतो, खालचा चुंबक पकड सोडतो, आणि टक. बस. पाणी कमी घातलं तर लवकर टक, जास्त घातलं तर उशिरा टक. म्हणून लवकर वाजलेलं टक ऐकलं की खुश होऊ नका. मी झाले होते.

सोमवारी आमच्या ह्यांनी ठरवलं की बायकोला दाखवून द्यायचं. तोवर कप सापडला होता, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, गळ्यापर्यंत रुतलेला. (कोणी टाकला हे अजून कोणी कबूल केलेलं नाही.) ह्यांनी मोबाईलवर वाचलं, तांदळाच्या दुप्पट पाणी. बरोबर आहे. पण तांदूळ मोजला कुकरच्या कपानं दोन, आणि पाणी त्या स्टीलच्या मापानं चार, कारण ‘ते हाताशी होतं’. म्हंजे ३६० मिली तांदळाला ९६० मिली पाणी. दुप्पट कुठलं, पावणेतिपटीच्या जवळ. झाकणाच्या भोकातनं पेज उसळून ओट्यावर, ओट्यावरनं सिलिंडरवर. आत जे उरलं तो भात नव्हता, वॉलपेपर चिकटवायची खळ होती.

सासूबाई हे सगळं पाटावर बसून शांतपणे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘चिपट्यानं तांदूळ घेतला तर पाणीबी चिपट्यानंच घ्यावं. आमचं चिपटं लहान होतं का मोठं, कोणी इचारलं नाही कधी. भात कधी बिघडला नाही.’ मला आधी राग आला, मग जास्त राग आला, कारण त्यांचंच बरोबर होतं. दोन्ही एकाच भांड्यानं मोजलं तर ते चिपटं असो, वाटी असो, फुटका मग असो, काही फरक पडत नाही. पण रेघेवर जायचं असेल तर मात्र तांदूळ कुकरच्याच कपानं मोजायला हवा, कारण रेघेवरचा आकडा त्या कपांचा आहे. एका पायानं इकडं आणि दुसऱ्या पायानं तिकडं उभं राहिलं की पडणारच. आम्ही दोघं नवरा-बायको पडलो, आलटूनपालटून.

बरं, कप बरोबर घेतला म्हंजे सुटलो असंही नाही! मंगळवारी मी कुकरच्याच कपानं, बोटानं सपाट करून, दोन कप जुना कोलम घेतला आणि ओतता ओतता पाणीही मोजलं. २ च्या रेघेला अडीच कप पाणी बसलं. अडीच! जुन्या कोलमला मी गॅसवर सरळ दुप्पट घालते, म्हंजे चार. ती रेघ काढणाऱ्यानं कोलम बघितलेला नाही. ती रेघ जपानी पद्धतीच्या आखूड, चिकट दाण्याची, काडीनं उचलता यावा अशा भाताची. आपला इंद्रायणी किंवा यंदाचा नवा तांदूळ त्या रेघेवर ठीक होतो, त्याला पाणी कमीच लागतं. पण वर्षभर कोठीत मुरलेला तांदूळ कोरडा झालेला असतो, तो पाणी पितो आणि फुलतो. त्याला रेघेवर थांबलात की शीत ताठ. मी दोन कपांना वर आणखी एक कप पाणी घातलं तेव्हा कुठं आमच्या वरणाला शोभेल असा भात झाला. बासमती अर्धा तास भिजवून घातला तर मात्र रेघेच्या थोडंसंच वर पुरतं, नाहीतर लांब शितं फाटतात.

शेजारी ‘ब्राऊन’ची वेगळी रेघ आहे, जरा वर. तिचं कारण तरी पटण्यासारखं आहे. कोंडा न काढलेल्या दाण्यात पाणी लवकर शिरत नाही, जास्त वेळ शिजवावं लागतं, म्हणून पाणी जास्त. पण तिथंही आकडे कपांचेच, आणि आमच्या ह्यांनी एकदा पांढऱ्या भाताला चुकून तीच रेघ धरली होती, कारण दोन्ही रेघा एकाच राखाडी रंगात, एकमेकींना खेटून. पांढऱ्या रेघेला पांढरा आणि ब्राऊनला तपकिरी रंग द्यायला काय सोनं लागतं का? खिचडीला तर रेघच नाही. तूर-मुगाची डाळ घालून रोज रात्री खिचडी खाणाऱ्या मुलखात कुकर विकता आणि खिचडीची रेघ नाही!

आणखी एक, हे आमच्या पोरीचं. तिनं आधी रिकाम्या भांड्यात २ च्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि मग दोन कप तांदूळ आत सोडला. पाणी वर चढलं, तिनं बघितलंही नाही. दोन कप तांदूळ आत जाऊन जेवढी जागा धरतो तेवढं पाणी जास्त झालं, म्हंजे कपभराहून थोडं अधिकच. गंमत अशी, की जुना कोलम असल्यामुळं तो भात सगळ्यात चांगला झाला. ती म्हणते, ‘बघ, माझीच पद्धत बरोबर.’ तिला काय सांगू? नव्या तांदळाला हेच कर, मग बघ चिखल.

काल कंटाळून कपाला भोक पाडलं आणि सुतळीनं कुकरच्या कानाला बांधला. झाकणावर पट्टी चिकटवून लिहिलं, ‘मोठे ३ म्हंजे रेघ ४. जुना तांदूळ असेल तर दोन कपांना वर एक कप पाणी.’ आज सकाळी भात लावायला गेले. पट्टी आहे. सुतळी आहे. कप नाही.